उतरणीचे दहा सेकंद

जिममध्ये तिला सगळे समोर मॅडम म्हणत आणि पाठीमागे सेकंदबाई. तिच्या तालमीत वजन उचलण्याला फारशी किंमत नव्हती. उचललेलं वजन खाली आणताना किती सेकंद लागतात, यावर तिचा सगळा भर. "उचलतो तर हमाल पण. उतरवून दाखवा," असं ती म्हणायची आणि टाळ्या वाजवत मोजायची. एक, दोन, तीन, चार. घाईने हात खाली सोडणाऱ्याला ती सेट पहिल्यापासून करायला लावायची.

या वेडामागे कारण होतं. चोविसाव्या वर्षी ती वेटलिफ्टिंगच्या स्पर्धा खेळायची, तेव्हा गुडघ्याखालचा स्नायुबंध दुखावला. जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाने तिला काही महिने रोज, अगदी सावकाश, वजन घेऊन बसायला लावलं आणि गुडघा सुधारला. त्यानंतर तिने ठरवून टाकलं, की जे गुडघ्याला लागू पडलं ते सगळ्या अंगाला लागू पडणार. स्नायू जितका वेळ ताणाखाली, तितका तो मोठा. याच एका वाक्यावर तिने जिम उभी केली. बाहेरच्या बोर्डावरही तेच वाक्य होतं.

जिमच्या वरच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट बसायची. वयाने लहान, पण स्पष्ट बोलणारी. दुपारी दोघी एकत्र चहा घ्यायच्या. एकदा ती म्हणाली, "ताई, तुमचं ते वाक्य मला पटत नाही हं. गुडघ्याची गोष्ट वेगळी होती. दुखऱ्या जागेला सावकाश केलं की हलक्या वजनात पुरेसा भार मिळतो, हालचाल ताब्यात राहते. पण स्नायू वाढायचा तर सेट जवळजवळ थकेपर्यंत न्यावा लागतो. मग खाली यायला दोन सेकंद घ्या नाहीतर सहा, फरक पडत नाही. दहाच्या पुढे गेलात तर उलट वजन इतकं कमी करावं लागतं की फायदाच घटतो."

"पुस्तकात वाचलंस."

"मग पुस्तक नको. आपल्याच हातांवर करून बघा. आठ आठवडे. उजवा सावकाश, डावा नेहमीसारखा. दोन्ही पार थकेपर्यंत."

सेकंदबाईने पैज घेतली. उजव्या हातात सहा किलोचं डंबेल, खाली येताना सहा सेकंद. डाव्या हातात आठ किलोचं, दोन सेकंद. दोन्ही हात आणखी एकदाही वर जाईनात तेव्हाच थांबायचं. आठवा आठवडा संपला त्या सोमवारी सकाळी तिने आरशासमोर उभं राहून दंडांना टेप लावली. आधी उजवा. मग डावा. मग पुन्हा उजवा, टेप जरा सैल धरून. दोन्ही दंड सारखेच वाढले होते, आठ-आठ मिलिमीटर. शिवाय डावा हात जास्त वजन उचलत होता.

टेप गुंडाळून तिने खणात टाकली आणि खण बंद केला. एका बाईच्या हातावरून काही सिद्ध होत नाही, हे तिलाही कळत होतं. पण जे निघालं ते फिजिओ म्हणाली होती तसंच निघालं होतं. जिन्यावर फिजिओ भेटली आणि तिने विचारलं, "काय झालं मोजमापाचं?"

"अजून मोजलं नाही," सेकंदबाई म्हणाली.

दिवसभर तिचं कशात लक्ष नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिने स्वतःची समजूत घातली, की चूक वाक्यात नाही, मात्रेत आहे. सहा सेकंद कमी पडले. दहा हवेत, आणि वजनही भरपूर हवं. उचलता येत नाही तेवढं वजनसुद्धा माणूस उतरवू शकतो, हे तिला पक्कं माहीत होतं. मग उचलायचंच कशाला? नुसतं उतरवायचं.

त्याच संध्याकाळी तिचा दीर आला. नवऱ्याचा धाकटा भाऊ, चौतीस वर्षांचा, घरात सगळ्यांचा लाडका. पूर्वी तो तिच्याच हाताखाली व्यायाम करायचा आणि त्याचे खांदे बघून सासूबाई दृष्ट काढायच्या. नंतर नोकरी फिरतीची लागली आणि दीड वर्षात त्याने लोखंडाला हात लावला नाही.

"वहिनी, पोट बघा माझं," तो हसत म्हणाला. "घरात कुणी आरसा फोडला तर माझं नाव घेऊ नका, तो आपोआप तडकला असेल. मला पहिल्यासारखं करा. किती बी मारा."

"भावजी, रडायचं नाही हं मग."

"तुमच्यापुढे रडलो तर भाऊ घरात घेणार नाही."

तिने पुल-अपच्या बारखाली स्टूल ठेवलं. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची, पाय सोडायचे आणि दहा सेकंदांत हात सरळ होईपर्यंत खाली यायचं. परत स्टुलावर. कमरेच्या पट्ट्याला तिने दहा किलोची प्लेट अडकवली. एका फेरीत दहा वेळा, अशा पाच फेऱ्या.

पहिल्या दोन फेऱ्या भावजी गप्पा मारत करत होता. तिसऱ्या फेरीत बोलणं बंद झालं. चौथ्या फेरीत दहा मोजेपर्यंत तो टिकेना. चारलाच खाली येऊ लागला आणि त्याचे दंड पाण्यावरच्या सावलीसारखे थरथरायला लागले.

"वहिनी, हात माझे राहिले नाहीत."

"म्हणजे लागू पडतंय. एक फेरी राहिली."

त्याने ती केली. तिच्यावर त्याचा विश्वास होता. नंतर पाण्याची बाटली त्याला तोंडापर्यंत नेता येईना, तर ती तिने धरली आणि दोघंही हसली.

मंगळवारी सकाळी तिने तोच व्यायाम स्वतः करून पाहिला. पन्नासच्या पन्नास. थोडे हात भरून आले, बाकी काही नाही. तेव्हा तिला फार हायसं वाटलं. तिचं अंग वर्षानुवर्षं हेच करत आलं होतं. अशा कामाची सवय असलेला स्नायू सहसा फाटत नाही आणि सवय मोडलेला किंवा कधी नसलेला पहिल्याच दिवशी फाटू शकतो, ही गोष्ट तिच्या मनात आली नाही. आली असेल तर तिने ती बसू दिली नाही.

मंगळवारी संध्याकाळी नवीन बॅच होती. आठ जण, कुणाला महिना झालेला, कुणाला आठवडा. त्यांत कोपऱ्यावरच्या दुकानातले टेलरकाका होते. वय त्रेपन्न, अंगाने काटकुळे, मशिनवर वाकून वाकून पाठीला पोक आलेलं. बायको वारल्यावर दुकानाच्या मागच्या खोलीत एकटेच राहायचे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. तिनेच फोनवर भांडून त्यांना जिम लावायला सांगितलं होतं. चौथाच दिवस होता त्यांचा.

प्लेट कुणाला लावली नाही, एवढी दया तिने केली. बाकी सगळं तेच. स्टूल, दहा सेकंद, पाच फेऱ्या. दोघी जणी तिसऱ्या फेरीनंतर सरळ खाली बसल्या. एका पोराने पाठ दुखते म्हणून काढता पाय घेतला. टेलरकाका मात्र थांबले नाहीत. ते वजनाला हलके असल्यामुळे टिकत होते, आणि सांगितलेलं काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती.

"काका, बास करा हवं तर," ती म्हणाली.

"मॅडम, गिऱ्हाइकाला अर्धी बाही लावून देतो का मी?"

सगळे हसले. काकांनी पन्नास पूर्ण केले. जाताना त्यांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येईनात. ते तसेच उघड्या शर्टाने निघून गेले, आणि ती दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांचे हात कोपरात किंचित वाकलेले होते, काहीतरी उचलून चालल्यासारखे.

बुधवारी घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, याच्या हाताला काय झालंय बघ. सरळच होत नाहीत."

भावजीचे दोन्ही दंड सुजून तुकतुकीत झाले होते. कोपर काटकोनाच्या पुढे उघडत नव्हतं. तिने बोटाने दाबलं, तर आत लाकडासारखं कडक लागलं.

"दुखणारच," ती म्हणाली. "दीड वर्षाने केलंय. दोन दिवसांत मोकळं होईल."

"वहिनी सांगतात तर होईल," भावजी म्हणाला, पण या वेळी हसला नाही.

गुरुवारी सकाळी तो बाथरूममधून बाहेर आला आणि दारातच उभा राहिला. घरात चहा उकळत होता, नवरा डबा भरत होता.

"दादा, जरा इकडे ये."

नवरा आत गेला आणि लगेच बाहेर आला. त्याचा चेहरा पाहून तिने गॅस बंद केला.

"लघवी काळी झालीये त्याची," नवरा म्हणाला. "कोऱ्या चहासारखी."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी भावजीचे हात बघितले, दोन प्रश्न विचारले आणि रक्त घ्यायला सांगून लगेच सलाईन लावलं. तासाभराने त्या रिपोर्ट घेऊन आल्या.

"स्नायू फुटला की त्यातलं एक द्रव्य रक्तात उतरतं. ते साधारण दोनशेच्या आत असतं. यांचं बासष्ट हजार आहे." त्यांनी कागद नवऱ्याच्या हातात दिला. "लघवीच्या तपासणीत रक्त दिसतंय, पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी नाहीत. म्हणजे तो स्नायूचाच रंग आहे. तो किडनीत जाऊन बसतो. किडनी अजून चालू आहे, वेळेवर आलात. काय केलं होतं यांनी?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"उतरवण्याचा व्यायाम," ती म्हणाली. "सावकाश."

"किती?"

"पन्नास वेळा. दहा-दहा सेकंद."

"ताणत खाली येताना स्नायूला सगळ्यात जास्त इजा होते. नवख्याला तर पाच-दहा वेळासुद्धा पुष्कळ झाले. एकदा थोडं दिलं की स्नायू पुढच्या वेळेसाठी तयार होतो, काही आठवडे तयार राहतो. म्हणून थोड्यापासूनच सुरुवात करतात. हे तुम्हाला माहीत असेल."

"हो," ती म्हणाली.

"हाच व्यायाम आणखी कुणाला दिलाय?"

खोलीत सलाईनचे थेंब पडत होते. सासूबाई खुर्चीच्या दांड्याला धरून बसल्या होत्या. भावजी डोळे मिटून पडला होता.

"नाही," ती म्हणाली.

हा शब्द कसा बाहेर पडला हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. कॉरिडॉरमध्ये येऊन तिने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. सहज चौकशी केल्यासारखा आवाज ठेवला. दुखतंय का, भरपूर पाणी प्या, लघवीचा रंग बघा. दोघी जणींचे हात आखडले होते पण बाकी ठीक होतं. ज्याने काढता पाय घेतला होता तो पोरगा ठणठणीत होता. सात जण सापडले. आठवा फोन वाजत राहिला.

तिने जिमशेजारच्या दुकानदाराला फोन केला.

"टेलर? कालपासून बंदच आहे की दुकान. मुलीकडे गेला असेल."

"हो, असेल," ती म्हणाली, आणि तिने ते मानून घेतलं. मानणं सोपं होतं. दुपारी पुन्हा दोनदा फोन लावला. संध्याकाळी भावजीची लघवी जराशी फिकट झाली, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती मात्र खिडकीपाशी उभी राहून हातातल्या फोनकडे बघत होती. तेव्हाच निघायला हवं होतं. पण तिथे गेलं की दार ठोठावावं लागणार, आणि दार उघडलं की जे असेल ते दिसणार.

शुक्रवारी सकाळी ती गेली.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेली तर कापडाचा आणि थंड इस्त्रीचा वास आला. कापायच्या टेबलावर खडूने आखलेलं कापड तसंच पडलं होतं, अर्धं कापलेलं. कात्री जमिनीवर. मशिनवर फोन होता, त्याच्या पडद्यावर चुकलेले कॉल. त्यांतले तीन तिचे.

"काका?"

मागच्या खोलीतून आवाज आला, पण शब्द कळले नाहीत.

टेलरकाका खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही हात मांडीवर, वाकलेले, मनगटापर्यंत सुजलेले. ओठ सुकून पांढरे झालेले. तोंडावर सूज होती.

"मॅडम," ते म्हणाले, "फोन उचलता येईना. हात वरच जाईनात."

"पाणी प्यालात का?"

"पेला धरता येईना. मडक्याला तोंड लावून थोडं प्यालो. मळमळतंय." ते थोडं थांबले. "कालपासून लघवीलाच झाली नाही. त्याआधी झाली ती काळी होती. मला वाटलं, उष्णता झाली."

खाटेशेजारी गोळ्यांची पाकिटं होती. तिने एक उचललं. कोलेस्टेरॉलची गोळी. हीच गोळी तिच्या सासरेबुवांनाही होती, आणि तिच्यामुळे अंग दुखतं म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी बदलून दिली होती. टेलरकाकांना चार दिवसांत कधी तिने विचारलं नव्हतं, की तुम्ही काही औषध घेता का.

रिक्षा मिळेपर्यंत तिने त्यांना धरून उंबऱ्यापाशी उभं केलं. दुकानदार धावत आला आणि त्याने दुसऱ्या बाजूने आधार दिला. काका दोघांच्या मध्ये हलके लागत होते, फारच हलके. तिला त्यांची बाही नीट करायची होती, पण हात लावला की ते कळवळत.

हॉस्पिटलमध्ये कालच्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काकांच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे कोण?"

"माझ्याच जिममधले," ती म्हणाली. "मंगळवारचे. काल मी तुम्हाला खोटं सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी स्ट्रेचर मागवलं. काकांचा आकडा एक लाखाच्या वर होता आणि किडन्यांनी काम थांबवलं होतं. त्याच दुपारी डायलिसिस सुरू झालं.

नवऱ्याला तिने सगळं कॅन्टीनच्या बाकावर सांगितलं. दंडांची मापं, तो बंद केलेला खण, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. त्याने चहाचा कप बाजूला सारला.

"माप सारखं आलं होतं, तर थांबायचं होतंस," तो म्हणाला.

"थांबले असते तर वीस वर्षं काय शिकवत होते?"

"ते माझ्या भावावर करून बघायचं होतं का तुला?"

संध्याकाळी फिजिओ आली, तिलाही तिने सांगितलं. फिजिओने फक्त विचारलं, "तेव्हा वर का नाही आलात, ताई? मी खालीच तर असते तुमच्यापासून एक जिना." मग स्वतःच्या शब्दांतला घोळ लक्षात येऊन ती रडायला लागली.

शनिवारी काकांची मुलगी आली. सरळ स्टेशनवरून, खांद्यावर पिशवी तशीच. आयसीयूच्या बाहेर नर्सने बोट दाखवलं, तशी ती सेकंदबाईपुढे येऊन उभी राहिली.

"तुम्हीच का त्या मॅडम?"

"हो."

"मीच मागे लागले होते त्यांच्या, जिमला जा म्हणून," मुलगी म्हणाली. "काय झालं ते मला नीट सांगा. पहिल्यापासून. आजारी माणसाच्या नातेवाइकांना सांगतात तसं नको."

सेकंदबाईने सांगितलं. स्टूल, दहा सेकंद, पन्नास वेळा. काकांना थांबा म्हणाले होते, पण थांबवलं नाही, हेही. गुरुवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाव घेतलं नाही, आणि दार ठोठावायला शुक्रवार उजाडू दिला, हेही. मुलगी उभ्यानेच ऐकत होती.

"गुरुवारी आणलं असतं तर?" तिने विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, कदाचित मशीन लागलं नसतं."

"कदाचित."

"कदाचित."

मुलीने पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. "तुम्ही आता जा," ती म्हणाली. "बाबा शुद्धीवर नीट आले की मी त्यांना सांगेन. ते तुम्हाला माफ करतील, त्यांचा स्वभाव आहे तो. मी नाही करणार. हे त्यांच्यासमोर बोलायला लावू नका मला."

ती गेली.

भावजी आठव्या दिवशी घरी आला. काकांना सहा वेळा मशीन लागलं. एकविसाव्या दिवशी त्यांच्या किडन्या परत चालू झाल्या, तेव्हा वॉर्डातल्या नर्सनी पेढे मागितले. हातांत ताकद यायला मात्र महिने लागले. मोठी कात्री चालवता येईना, म्हणून मुलीने दुकान बंद करून त्यांना आपल्याकडे नेलं.

सेकंदबाईने जिमच्या बोर्डावरचं वाक्य स्वतः खरवडून काढलं. दोन महिन्यांनी जिम पुन्हा उघडली. आता नव्या माणसाला ती आधी औषधं विचारते, पहिल्या आठवड्यात दोनच हलके सेट देते आणि दुसऱ्या दिवशी फोन करते. खाली येताना दोन-तीन सेकंद घ्या, हालचाल ताब्यात ठेवा, एवढंच सांगते. टाळ्या वाजवत नाही. लोक कमी झालेत. काही जुने म्हणतात, मॅडममध्ये आता ती धार राहिली नाही.

परवा एक नवीन पोरगी आली, दणकट, उत्साही. दुसऱ्या सेटनंतर तिने दंड चोळत विचारलं, "बास? मॅडम, मला तर काहीच झालं नाही. आणखी द्या ना."

"आज नाही."

"घाबरता कशाला एवढ्या?"

सेकंदबाईने तिच्या हातातलं डंबेल काढून घेतलं आणि जागेवर ठेवलं. पोरगी हसून पाणी प्यायला गेली. सेकंदबाई तिच्या पाठमोऱ्या हातांकडे बघत राहिली, ते चालताना सरळ होतात की नाही ते.